स्वीडनचा एकच क्रमवारीचा फॉर्म की प्रत्येक युनिव्हर्सिटीला वेगळा अर्ज: फायदा कुणाचा?

प्रश्न: मास्टर्ससाठी स्वीडनमधे एकाच फॉर्मवर चार चॉइस क्रमाने भरायचे असतात म्हणे, आणि बाकी देशांत प्रत्येक युनिव्हर्सिटीला वेगवेगळं अप्लाय करायचं. मग स्वीडनसाठी सेफ ऑप्शन पहिल्या नंबरवर टाकू का? नाहीतर वरचंही जाईल आणि खालचंही, अशी भीती वाटते. आणि एकूण या दोन पद्धतींत कुणाला काय फायद्याचं पडतं?

उत्तर: सेफ ऑप्शन वर टाकू नका. याला एकच मोठा अपवाद आहे आणि तो स्कॉलरशिपचा, त्यावर खाली जरा जास्तच लिहिणार आहे कारण माझ्याकडे येणारी बरीच मुलं नेमकी तिथेच अडकतात. पण आधी हा फॉर्म आतून चालतो कसा ते समजून घ्या, म्हणजे भीती कुठे बरोबर आहे आणि कुठे उगाच आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

स्वीडनमधे universityadmissions.se ही एकच साइट आहे, यूएचआर नावाची सरकारी संस्था ती चालवते. पुढच्या ऑटमसाठीचा इंटरनॅशनल राउंड साधारण ऑक्टोबरच्या मध्यात उघडतो, जानेवारीच्या मध्याला बंद होतो, मग कागदपत्रं आणि फीसाठी फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत वेळ मिळतो आणि निकाल मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला लागतो. युरोपियन युनियन, ईईए आणि स्वित्झर्लंडच्या बाहेरच्यांना ९०० क्रोनर अर्जाची फी आहे, २०११ पासून आहे ती, आणि तुम्ही एक चॉइस भरा नाहीतर चार, वेगवेगळ्या युनिव्हर्सिटीचे भरा नाहीतर एकाच, फी तेवढीच. मास्टर्सचे जास्तीत जास्त चार प्रोग्रॅम टाकता येतात आणि त्यांना १ ते ४ नंबर द्यावेच लागतात.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक युनिव्हर्सिटी तुमचा अर्ज स्वतंत्र तपासते, आधी पात्र आहात का आणि मग त्या प्रोग्रॅमच्या बाकी अर्जदारांत तुमचा मेरिट कितवा. या मेरिटमधे तुम्ही त्यांना पहिलं टाकलंय की चौथं याचा काहीही संबंध नसतो. म्हणजे चौथ्या नंबरवर टाकलं म्हणून त्यांनी रागावून मागे ढकललं असं होत नाही, आणि पहिलं टाकलं म्हणून कौतुकाने आत घेतलं असंही नाही. सगळ्यांच्या मेरिट याद्या तयार झाल्या की सिस्टीम तुमच्या यादीच्या वरून खाली येते आणि जिथे पहिल्यांदा तुमचा नंबर लागतो तिथे ॲडमिशन देऊन त्याखालचं सगळं डिलीट करते. हे डिलीट का होतं तर एका सेमिस्टरला जास्तीत जास्त ४५ क्रेडिटचीच ॲडमिशन मिळू शकते आणि फुलटाइम प्रोग्रॅम असतो ३० क्रेडिटचा, दोन घेतले तर ६० होतात, म्हणून दुसरा बसतच नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा एका मुलीने अ, ब, क, ड असे चार प्रोग्रॅम याच क्रमाने टाकले. अ मधे तिचा नंबर लागला नाही पण रिझर्व्ह यादीत आहे, ब मधे लागला, क आणि ड मधे तर अगदी आरामात लागला असता. तिला निकालात काय दिसेल? अ समोर रिझर्व्ह, ब समोर ॲडमिटेड, क आणि ड समोर डिलिटेड. पुढे अ मधली जागा रिकामी होऊन तिच्यापर्यंत आली तर ती अ ला जाऊ शकते. म्हणजे वरची आशा शाबूत राहते, खालचं मात्र कायमचं जातं, ते नंतर फोन करून, मेल करून परत मिळत नाही.

आता तुमची भीती यात लावून बघा. "वरचंही जाईल आणि खालचंही" हे इथे होत नाही. वरचं मिळालं नाही तर खालच्याचा विचार होतो तो अगदी तेवढ्याच मेरिटवर, जेवढ्यावर ते पहिलं टाकलं असतं तरी झाला असता. उलट सेफ ऑप्शन वर टाकलात तर नक्की काय होणार, तिथे नंबर लागणार (सेफ आहे ना!) आणि तुम्हाला जे खरं हवं होतं ते डिलीट होणार, भले तिथे तुमचा नंबर लागत होता तरी. कागदोपत्री तुम्हीच सांगितलेलं असतं की मला हे जास्त हवंय, मग सिस्टीमने ते ऐकलं. १९६२ साली गेल आणि शॅप्ली या दोघांनी जोड्या लावण्याची जी पद्धत मांडली तिचं तर्कशास्त्र हेच आहे, तिथे अर्ज करणाऱ्याला खोटा क्रम लावून काही मिळत नाही.

पण जागा चारच आहेत, त्यामुळे चलाखी पूर्ण संपत नाही, ती फक्त जागा बदलते. क्रम खरा ठेवायचा, पण यादीत कोणते चार घ्यायचे इथे डोकं लावायचं. चारही अति-मागणीचे प्रोग्रॅम टाकले आणि एकातही नंबर लागला नाही तर हातात काहीच नाही. म्हणून मी सांगते की एक तरी असा असावा जिथे पात्रतेच्या अटी तुम्ही सहज ओलांडताय आणि जिथे जायला तुम्ही खरोखर तयार आहात, आणि तो खाली, चौथा. "तयार नाही पण असू दे" असा चौथा टाकण्यात अर्थ नाही, ९०० क्रोनर तसेही गेलेलेच आहेत पण तिथेच नंबर लागला तर निकालाच्या दिवशी घरात नुसती भांडणं होतात.

आता वेगळ्या अर्जांकडे येऊ, आणि इथे एक गोंधळ आधी सोडवते. एक फॉर्म म्हणजे क्रमवारी असं नाही. ब्रिटनमधे बॅचलरसाठी यूकॅस आहे, एकच फॉर्म, पाच चॉइस, पण तिथे नंबर द्यायचेच नसतात. पाचही युनिव्हर्सिटी आपापलं उत्तर देतात, तुम्ही अजून कुठे अर्ज केलाय हे त्यांना तेव्हा दिसत नाही, आणि सगळी उत्तरं आल्यावर मग तुम्ही एक फर्म आणि एक इन्शुरन्स निवडता. जर्मनीत उनी-असिस्ट बऱ्याच युनिव्हर्सिटींसाठी कागद तपासतं, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०, पण तिथेही हा तुमचा पहिला, हा दुसरा असं काही नाही, दोन ऑफर आल्या तर दोन्ही तुमच्या. म्हणजे फॉर्म एक की अनेक हा कारकुनी फरक झाला. आवडीचा क्रम तुम्ही आधी बांधून देता की ऑफर हातात आल्यावर ठरवता, खरा फरक तिथे आहे.

आणि इथेच पैशाचा प्रश्न येतो. क्रमवारीच्या फॉर्ममधे तुम्ही जानेवारीत सांगता की मला अ हा ब पेक्षा जास्त हवा. पण खूप मुलांचं खरं उत्तर असं असतं की अ स्कॉलरशिपसकट मिळाला तर अ, नाहीतर ब, आणि स्कॉलरशिपशिवाय अ मला परवडतच नाही. हे उत्तर १ ते ४ या नंबरांत लिहिताच येत नाही. फॉर्ममधे अ ला एकच जागा आहे, "स्कॉलरशिपवाला अ" आणि "फुल फीवाला अ" अशा दोन नाहीत.

वरून गंमत अशी की स्वीडनमधल्या काही युनिव्हर्सिटींच्या स्वतःच्या स्कॉलरशिपची अटच असते की आमचा प्रोग्रॅम पहिल्या नंबरवर हवा. केटीएचच्या स्कॉलरशिपचं उदाहरण घ्या, तिथे केटीएचचा प्रोग्रॅम फर्स्ट प्रायॉरिटी असल्याशिवाय विचारच होत नाही. म्हणजे ॲडमिशनच्या मेरिटमधे नंबराला किंमत नाही, पण पैशाच्या वेळी आहे. आणि क्रम लावायची वेळ जानेवारीतच संपते, स्कॉलरशिप मिळाली की नाही हे कळतं त्याच्या कितीतरी नंतर.

हे आकड्यांत बघू, आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त हिशोब कसा करायचा ते कळावं म्हणून. समजा अ मधे ॲडमिशनची शक्यता १०० त ७०, अ ची स्कॉलरशिप मिळण्याची १०० त १० (ॲडमिशन मिळणाऱ्या ७० पैकीच हे १०), आणि ब मधे ॲडमिशनची १०० त ६०. ब फुल फी भरून परवडतो, अ फुल फी भरून परवडत नाही.

अ पहिला टाकला तर १०० पैकी १० वेळा स्कॉलरशिपसकट अ मिळतो, मजा. ६० वेळा अ मिळतो पण स्कॉलरशिप नाही, आणि ब तोवर डिलीट झालेला असतो, म्हणजे हातात असलेली ॲडमिशन भरायला पैसे नाहीत. उरलेल्या ३० वेळा अ नाकारतो, मग ब चा विचार होतो आणि त्यातले साधारण १८ आत जातात. एकूण २८ वेळा तुम्ही कुठेतरी जाता, ७२ वेळा घरी.

ब पहिला टाकला तर ६० वेळा ब मिळतो आणि ४० वेळा काहीच नाही, कारण अ दुसऱ्या नंबरवर असल्यामुळे त्याच्या स्कॉलरशिपचा दरवाजाच बंद.

२८ विरुद्ध ६०. दहा टक्के स्कॉलरशिपच्या आशेसाठी किती मोठी किंमत मोजतो ते बघा. आता स्कॉलरशिपशिवायही अ परवडत असेल तर हेच चित्र उलटतं, मग अ पहिला टाकण्यात काहीच गमवायचं नाही कारण तो ७० वेळा मिळतो आणि वर स्कॉलरशिपचं तिकीट फुकट. म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, आईवडिलांना बसवून विचारते, की पहिल्या नंबरवरचा प्रोग्रॅम एकही पैसा सूट न मिळता मिळाला तर फी भरणार का? हो असेल तर खरा क्रम लावा आणि शांत झोपा. नाही असेल तर तो प्रोग्रॅम पहिला टाकणं म्हणजे ब सोडून देण्याचा निर्णय आहे, आणि तो जाणूनबुजून घ्या, फॉर्म भरता भरता नकळत नको. "बघू नंतर, काहीतरी होईल" असं म्हणणाऱ्या घरांत एप्रिलमधे सगळ्यात जास्त धावपळ असते. ॲडमिशनसुद्धा कंडिशनलच असते, फीचा पहिला हप्ता भरेपर्यंत, आणि ती मुदत युनिव्हर्सिटी ठरवते, तुमचं कर्ज कधी मंजूर होणार हे बघून नाही.

वेगळ्या अर्जांमधे हा प्रश्न वेगळा सुटतो. अमेरिकेत सहा ठिकाणी अर्ज केला, तीन ऑफर आल्या, एकात असिस्टंटशिप, एकात अर्धी फी माफ, एकात काहीच नाही. तिन्ही समोर ठेवून खऱ्या किमतीवर निवडता. तिथल्या बऱ्याच ग्रॅज्युएट स्कूल्सनी मान्य केलेला १५ एप्रिलचा एक ठराव आहे, पैशाच्या मदतीसह आलेल्या ऑफरला त्या तारखेआधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर नाही. म्हणजे किंमत कळल्यावर ठरवायला वेळ मिळावा अशी मुद्दाम सोय केलेली आहे. क्रमवारीच्या फॉर्ममधे नेमकं हेच मिळत नाही.

पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सहा अर्ज म्हणजे सहा वेळा फी, सहा पोर्टल, सहा पासवर्ड, प्रत्येकाचा एसओपीचा शब्दांचा आकडा वेगळा, आणि तेच ते प्राध्यापक सहा वेळा रेकमेंडेशन अपलोड करायला तयार पाहिजेत. (चौथ्या लिंकनंतर सर फोन उचलत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत आहे.) शिवाय सगळ्यांचा निकाल एकाच दिवशी लागत नाही. एखादी युनिव्हर्सिटी फेब्रुवारीत ऑफर देऊन म्हणते की तीन आठवड्यांत डिपॉझिट भरा, आणि तुम्हाला खरी हवी असलेली दुसरी एप्रिलपर्यंत बोलणारच नाही. भरलं तर ते पैसे बहुतेक वेळा परत येत नाहीत, नाही भरलं तर जागा जाते. डिपॉझिटची अट ऑफर लेटरमधे बारीक अक्षरात असते, परताव्याची अटही तिथेच, ती पहिल्या दिवशी वाचा. हा दबाव स्वीडनच्या फॉर्ममधे नाही, सगळ्यांचा निकाल एकत्र आणि एकच ऑफर, त्यामुळे निवडायचं काही उरतच नाही.

आणि वेगळ्या अर्जांत एक गोष्ट विद्यार्थ्याला दिसत नाही, ती म्हणजे अडकलेल्या जागा. हुशार मुलगा पाच ऑफर धरून बसतो, जाणार एकीकडे, चार जागा तोवर लटकलेल्या. फ्रान्समधे हे देशभर झालं. तिथे बॅचलरच्या प्रवेशासाठी आधीच्या सिस्टीममधे आवडीचा क्रम द्यावा लागायचा, २०१८ मधे पार्कूरसुप आलं आणि क्रम काढून टाकला. मग वरच्या मुलांच्या हातात कित्येक ऑफर, ते एकेक सोडतील तशी खालची यादी सरकणार, आणि मधल्या मेरिटची मुलं आठवडेच्या आठवडे वेटिंगवर. क्रमवारीत हा त्रास नाही कारण वरचा मुलगा एकच जागा घेतो, बाकीच्या त्याच क्षणी खालच्यांना मोकळ्या होतात.

म्हणून कुणाला काय फायद्याचं याचं माझं उत्तर असं. क्रमवारी फायद्याची मधल्या मेरिटच्या मुलाला, अर्जाच्या फीवर फार खर्च करू न शकणाऱ्याला, आणि ज्याला आपल्याला काय हवंय ते नक्की माहीत आहे नि फीचं नियोजन आधी झालंय त्याला. वेगळे अर्ज फायद्याचे अव्वल मेरिटच्या मुलाला, ज्याच्यासाठी युनिव्हर्सिटी आपसात पैशाची बोली लावतील, आणि ज्याचा निर्णय पूर्णपणे किती सूट मिळते यावर आहे त्याला. युनिव्हर्सिटींच्या बाजूने बघितलं तर वेगळ्या अर्जांत त्यांना सारखा अंदाज बांधावा लागतो की शंभर ऑफर दिल्या तर येणार किती, डिपॉझिट हा प्रकार त्यातूनच आलाय. आणि कन्सल्टंट लोकांबद्दल विचाराल तर स्पष्ट सांगते, माझाच धंदा आहे: अनेक देशांतल्या युनिव्हर्सिटी प्रवेश झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात, आणि वेगवेगळ्या अर्जांत एजंटला तुम्हाला कमिशनवाल्या ठिकाणी ढकलायला भरपूर जागा मिळते. एखादा एजंट स्वीडनचं नावच काढू देत नसेल किंवा तुमच्या चारचा क्रम तुम्हाला न विचारता लावत असेल तर का, असं तोंडावर विचारा.

एक धोका मात्र क्रमवारीवाल्यांनी लक्षात ठेवावा, तो म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत. कागदपत्रं एकदाच अपलोड होतात, त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट त्यांच्या नियमाप्रमाणे नसेल, एखाद्या सेमिस्टरचं पान राहिलं असेल, इंग्रजीचा पुरावा वेळेत पोहोचला नसेल किंवा फीच भरली गेली नसेल तर एक प्रोग्रॅम जात नाही, चारही जातात. वेगळ्या अर्जांत एका ऑफिसने नाकारलं तरी दुसरं मेल करून कागद मागवू शकतं. साइटवर देशानुसार कोणते कागद कसे हवेत याचं पान आहे, ते आपल्या देशाचं उघडून ओळ न ओळ वाचा. त्याशिवाय काही प्रोग्रॅम मोटिव्हेशन लेटर किंवा समरी शीट वेगळी मागतात, ते त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पानावर लिहिलेलं असतं आणि तेच हमखास राहतं.

तुमच्यासाठी व्यवहाराचं बोलायचं तर दोन्ही करा. स्वीडनची सिस्टीम डिलीट करते ते फक्त स्वीडनमधले चॉइस, जर्मनी किंवा अमेरिकेतल्या अर्जांशी तिचं देणंघेणं नाही. स्वीडनच्या चारांत फुल फीवर परवडणारेच प्रोग्रॅम खऱ्या आवडीच्या क्रमाने टाका, आणि ज्या ठिकाणी पैसे मिळाले तरच जाणार अशा दोन-तीन युनिव्हर्सिटींना स्वतंत्र अर्ज करा, तिथे सूट कळल्यावर ठरवता येतं. क्रम डेडलाइनपर्यंत कितीही वेळा बदलता येतो, तेव्हा चारही आत्ताच टाकून ठेवा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरी फीचं बोलणं झालं की मग नंबर पक्के करा. तुमचे चार कोणते आणि त्यातले फुल फीवर कोणते परवडतात एवढं लिहून पाठवलंत तर क्रमाबद्दल नेमकं सांगता येईल.